पावसाआधीच्या पेट्यांचा भाव

फेब्रुवारीच्या अखेरीस निफाड-दिंडोरीवर ढग जमायला लागले, की द्राक्षांच्या आधी पुठ्ठ्याच्या पेट्यांचा भाव हलतो. पिकलेल्या घडावर पाऊस पडला तर मणी तडकतात आणि तडकलेला मणी निर्यातीच्या पेटीत चालत नाही. त्यामुळे पुढच्या पंधरवड्यात काढायचा माल चार-सहा दिवसांत काढायची सगळ्यांची धावपळ सुरू होते. मजूर जास्तीचे मिळतात, शीतगृहात जागाही कशीबशी होते, पण पेट्या आठवड्याच्या ठरलेल्या हप्त्याने येत असतात. मग पॅकहाऊसमध्ये खरेदी बघणारा माणूस पेटीवाल्याला फोन लावतो आणि म्हणतो, "शेठ, आठ हजार पेट्या जास्तीच्या लागतायत, सहा दिवसांत."

पलीकडून पहिला प्रश्न येतो तो भावाचा. हंगामाचा करार झालेला असतो, पेटी तीच, छपाई तीच, डायही तोच. तरीही या आठ हजारांचा भाव वेगळा बोलावा लागतो. त्याला या धंद्यात स्पॉट रेट म्हणतात. चालू करार बाजूला ठेवून एका गरजेपुरता एकदाच ठरवलेला भाव, इतकाच त्याचा अर्थ. तो मागायचा कसा, यावर बऱ्याच पॅकहाऊसवाल्यांचे पैसे जातात. पेटीवाले लबाड असतात म्हणून जातात असं मात्र नाही. बहुतेक वेळा मागणाऱ्यालाच आपण नक्की काय मागतोय ते ठाऊक नसतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. त्यातले भाव समजुतीसाठी धरलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. एका पॅकहाऊसचा हंगामाचा करार 60,000 पेट्यांचा आहे. पाच किलो द्राक्षांची, पाच प्लायची, छापील, डाय-कट पेटी. भाव 38 रुपये, पॅकहाऊसवर पोहोच. दर आठवड्याला 6,000 पेट्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हवामान खात्याचा अंदाज आला, आणि ठरलेल्या मालाशिवाय आणखी तीन कंटेनर आताच भरायचे ठरले. चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण 13 टन द्राक्ष बसतं, म्हणजे पाच किलोच्या 2,600 पेट्या. तीन कंटेनरच्या 7,800 आणि फाटक्या-बिघडलेल्यांसाठी थोड्या धरून 8,000.

इथेच पहिली चूक होते. 8,000 हा आकडा जसाच्या तसा फोनवर सांगितला जातो. खरं तर त्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: या पेट्या जास्तीच्या आहेत, की लवकरच्या? पुढच्या आठवड्यात ज्या बागा काढायच्या होत्या त्या आताच काढतोय, तर त्यांच्या पेट्या करारात आधीपासूनच आहेत. त्या फक्त आठ दिवस अलीकडे आल्या. आपल्या उदाहरणात तीन कंटेनरपैकी बराचसा माल याच बागांचा आहे, आणि त्याला 5,000 पेट्या लागतील. उरलेल्या 3,000 मात्र खरोखर नव्या आहेत. पावसाच्या भीतीने ज्या शेतकऱ्यांनी ऐनवेळी येऊन "आमचाही माल घ्या" म्हटलं, त्यांच्यासाठी. या दोन गठ्ठ्यांचा भाव एक असूच शकत नाही, कारण पेटीवाल्याला त्यांचा खर्च वेगवेगळा येतो.

तो खर्च कळायचा तर पेटी कशी होते ते थोडं बघायला हवं. पाच प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर: बाहेर, मध्ये आणि आत सपाट लायनर, त्यांच्यामध्ये दोन नागमोडी थर, म्हणजे फ्लूट. कागदाचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, त्यावर सगळा हिशेब चालतो. त्याला जीएसएम म्हणतात. बाहेरचा लायनर 200, मधला आणि आतला 150 जीएसएमचे, आणि फ्लूटचे दोन्ही कागद 150 चे असतील, तर लायनरचे 500 होतात. फ्लूट नागमोडी असल्याने सपाट लांबीच्या साधारण 1.4 पट कागद खातो, म्हणून त्याचे 420. एकूण 920. एका पेटीचा शीट कापण्याआधी सुमारे 0.55 चौरस मीटर भरला, तर पेटीमागे अर्धा किलो कागद. हजार पेट्यांना अर्धा टन.

हा कागद पेटीवाला हंगाम लागायच्या आधीच गिरणीकडून बुक करतो. वापीच्या क्राफ्ट कागदाच्या गिरण्या नाशिकहून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहेत, त्यामुळे तिथून रील मागवणं सोपं. पण गिरणी ठरलेल्या जीएसएमचा, ठरलेल्या रुंदीचा कागद आपल्या पाळीने देते. उद्या हवा म्हटलं तर उद्या मिळत नाही. करारातल्या 5,000 लवकरच्या पेट्यांचा कागद पेटीवाल्याच्या गोदामात बहुधा आलेला असतो. नव्या 3,000 पेट्यांचा दीड टन कागद मात्र त्याला बाजारातून, व्यापाऱ्याकडून, जो भाव असेल त्या भावाने घ्यावा लागतो.

आता हिशेब. सहा दिवसांत माल द्यायचा तर कारखान्याला रात्रपाळी लावावी लागेल. ओव्हरटाइमची मजुरी कायद्याने दुप्पट आहे. तीन रात्रींचा जादा खर्च 24,000 रुपये धरा, म्हणजे 8,000 पेट्यांवर पेटीमागे 3 रुपये. आठवड्याची एक गाडी भरून पाठवण्याऐवजी रोज छोटा टेम्पो, त्याचे जादा 12,000, पेटीमागे दीड रुपया. लवकरच्या पेटीवर एवढाच बोजा आहे: 38 चे 42.50. जास्तीच्या पेटीवर याशिवाय महाग कागद. व्यापाऱ्याचा कागद किलोला 5 रुपयांनी चढा असेल तर पेटीमागे अडीच रुपये, म्हणजे 45. डाय आहेच, छपाईचे स्टीरिओ आहेत, नमुना मंजूर आहे. त्यांचा नवा पैसा लागायचं कारण नाही, आणि भावात "सेटिंग चार्जेस" असं मोघम काही आलं तर ते कशाचं, हे विचारायला संकोच नको.

पेटीवाल्याने सांगितलेला भाव होता सरसकट 49. आठ हजारांचे 3,92,000. वरच्या हिशेबाने 5,000 पेट्यांचे 2,12,500 आणि 3,000 पेट्यांचे 1,35,000, मिळून 3,47,500. मधले 44,500 रुपये कशाचे? हा सगळा नफेखोरीचा पैसा आहे असं समजून भांडायला उठणारे खरेदीवाले मी पाहिलेत, आणि ते बहुधा पेट्यांशिवाय घरी जातात. त्या पैशाचा एक भाग खरा असतो. तुमच्या 8,000 पेट्या यंत्रावर चढवायला दुसऱ्या कुणाची ऑर्डर खाली उतरवावी लागते, आणि तो दुसरा गिऱ्हाईकही ढग बघून घाबरलेलाच असतो. त्याची नाराजी पेटीवाला फुकट घेणार नाही. पण सरसकट 49 मध्ये करारातल्या 5,000 पेट्यांवरही महाग कागदाचा भाव लागलाय, तो मात्र द्यायचं कारण नाही.

म्हणून फोनवर भाव मागताना वाक्य असं हवं: "शेठ, दोन वेगळे भाव द्या. पुढच्या हप्त्याच्या 5,000 पेट्या अलीकडे ओढायच्यात, त्याला कागद तुमच्याकडे आहे. वेगळ्या 3,000 नव्या. रोज किती देताय ते सांगा, आणि पहिली गाडी कधी?" एवढं ऐकलं की समोरच्याला कळतं की हिशेब करणारा माणूस आहे. मग तोही भाव तोडून बोलतो. उदाहरणातल्या पॅकहाऊसने शेवटी लवकरच्या पेटीला 44 आणि नव्या पेटीला 47 दिले. 2,20,000 अधिक 1,41,000, म्हणजे 3,61,000. करारभावापेक्षा 57,000 रुपये जास्त. तीन कंटेनरमधल्या 39 टनांवर ते वाटले तर किलोमागे दीड रुपयाच्या आत बसतात. तडकलेला माल स्थानिक बाजारात किंवा बेदाण्याला गेला तर किलोमागे त्याच्या कितीतरी पट नुकसान होतं. जास्तीचा भाव द्यावा की नाही, हे या तुलनेवर ठरवायचं असतं. पेटीच्या जुन्या भावाशी तुलना करत बसलं तर कुठलाच स्पॉट रेट कधी पटणार नाही.

गरज लपवावी का? काहींना वाटतं, घाई दाखवली की भाव चढतो. नाशिक जिल्ह्यात हे ढोंग चालत नाही. पेटीवालाही तेच आकाश बघतो, त्याला दिवसभरात असे दहा फोन आलेले असतात. उलट तारीख आणि आकडा स्पष्ट सांगितला तर तो कागदाची आणि रात्रपाळीची जुळवाजुळव लगेच करू शकतो. लपवायचंच असेल तर एकच गोष्ट लपवावी: दुसरा कुणी हीच पेटी देऊ शकतो की नाही. त्यातही डाय आणि स्टीरिओ कुणाच्या पैशाने बनले, हे करारात लिहिलेलं असेल तर फायदा. ते पॅकहाऊसचे असतील तर उचलून दुसऱ्या कारखान्यात नेता येतात. पेटीवाल्याचे असतील तर दुसऱ्याला नवा डाय करायलाच दोन-तीन दिवस जातात, आणि सहापैकी दोन-तीन दिवस म्हणजे निम्मा आठवडा. छपाईशिवाय साधी पेटी घेऊन स्टिकर लावायचा मार्गही आहे, पण आयातदाराने मंजूर केलेली पेटी बदलायची तर त्याची लेखी संमती आधी हवी.

आता या साऱ्या व्यवहारातली सगळ्यात मोठी मेख. जास्तीच्या भावाला होकार दिला, पहिल्या दोन दिवसांत गाड्याही आल्या, सगळे खूश. आणि तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की या आठवड्याचा करारातला 6,000 चा हप्ता काही आलेलाच नाही. पेटीवाल्याच्या गोदामात जो तयार माल तुमच्याच करारासाठी ठेवलेला होता, तोच उचलून त्याने 47 रुपयांनी तुम्हाला दिलेला असतो. रात्रपाळी लागलेलीच नसते. दरवेळी हे मुद्दाम होतं असंही नाही. डिस्पॅचवाला जो ढीग समोर दिसेल तो गाडीत भरतो. पण पैसे तुमचे जातात, आणि पेट्या एकूणात वाढलेल्या नसतात.

हे पकडायला अवघड नाही. पेट्यांच्या गठ्ठ्यावर लॉट क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. फोन झाला त्या दिवसाच्या आधीची तारीख असलेली पेटी जास्तीची असू शकत नाही. त्याहूनही सोपं म्हणजे आधीच बांधून घेणं. भाव ठरवताना एक ओळ लिहून घ्यायची: करारातला चालू हप्ता ठरल्या दिवशी पूर्ण आल्याशिवाय वेगळ्या ऑर्डरची एकही पेटी वेगळ्या भावाने धरली जाणार नाही. पेटीवाल्याने याला नकार दिला, तर त्याची क्षमता नाही हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं, आणि सहाव्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरं.

दुसरी ओळ तारखेची. करारभावावरचे 6 आणि 9 रुपये तुम्ही पेटीसाठी देत नाही आहात, दिवसांसाठी देत आहात. मग दिवस चुकला की ते रुपयेही गेले पाहिजेत. "शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पॅकहाऊसवर उतरलेल्या पेट्यांना 44 आणि 47. त्यानंतर आलेल्यांना कराराचा 38. शनिवारी दुपारनंतर नव्या ऑर्डरच्या पेट्या स्वीकारल्या जाणार नाहीत." दंडाच्या भाषेपेक्षा ही भाषा पेटीवाल्यांना लवकर पटते, कारण त्यात त्याच्याकडून काही कापून घेतल्यासारखं वाटत नाही. पाऊस येऊन गेल्यावर आलेल्या 3,000 पेट्या पॅकहाऊसला नको असतात, हे त्यालाही कळतं.

तिसरी ओळ पुढच्या हप्त्याची, आणि ती बहुतेक जण विसरतात. 5,000 पेट्या अलीकडे ओढल्या, तर पुढच्या आठवड्याचा हप्ता 6,000 वरून 1,000 वर आला, असं लिहायला हवं. नाहीतर पुढच्या मंगळवारी 6,000 ची गाडी येऊन उभी राहते, बागा आधीच रिकाम्या झालेल्या असतात, आणि पेट्या शेडमध्ये दमट हवा खात पडून राहतात. 60,000 च्या हिशेबात या 5,000 मोजायच्या, नव्या 3,000 मोजायच्या नाहीत, हेही त्याच चिठ्ठीत. आणि कराराचा भाव 38 च राहील, ही ऑर्डर त्याला आधार मानली जाणार नाही, हेही. नाहीतर मार्चमध्ये "मागच्या वेळी 47 दिलेच होते की" हे ऐकायला तयार राहावं.

घाईच्या मालात बिघाड कुठे होतो, तेही सांगायला हवं. पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवतात, आणि शीट यंत्रातून निघाल्यावर पंचिंगला जाण्याआधी त्याला सुकायला काही तास लागतात. घाईत हे तास कापले जातात. ओला शीट डायखाली गेला की फ्लूट चेपतो. पेटी दिसायला तशीच असते, पण तिची ताकद गेलेली असते. द्राक्षाची पेटी शून्य अंशाच्या आसपास, नव्वद टक्क्यांवरच्या आर्द्रतेत दिवसेंदिवस राहणार असते. अशा हवेत चांगला पुठ्ठाही निम्म्यापर्यंत ताकद गमावतो. पॅलेटवर पंधरा-सोळा थर, म्हणजे तळच्या पेटीवर ऐंशी किलोंहून जास्त वजन. आधीच चेपलेली पेटी समुद्रात कधीतरी बसते, आणि रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर तळच्या थरातली द्राक्षं चिरडलेली निघतात. तेव्हा पेटीचे दोन-पाच रुपये कुणालाच आठवत नाहीत.

गाडी उतरताना पाच मिनिटांची तपासणी पुरते. करारातल्या मंजूर नमुन्याची एक पेटी काट्याजवळ ठेवायची. प्रत्येक गाडीतल्या दहा-बारा पेट्या तिच्याशी वजनाने ताडून बघायच्या. वजन कमी भरलं तर हलक्या जीएसएमचा कागद वापरलाय. पण एकटं वजन फसवतं, कारण ओलसर पेटी हलक्या कागदाची असूनही जड भरते. म्हणून मॉइश्चर मीटर लावायचा. दहा टक्क्यांच्या वर आकडा गेला तर तो गठ्ठा वेगळा काढून सुकवायचा. मग कडेला अंगठ्याने दाबून बघायचं. नीट सुकलेला फ्लूट कडक लागतो आणि परत उभा राहतो, चेपलेला तसाच बसतो. नवी 3,000 पेट्यांची खेप वेगळ्या कागदाची आहे, म्हणून तिच्या पेट्यांवर खूण करून आधी त्यांनीच एक कंटेनर पूर्ण भरावा, आणि उरलेल्या दुसऱ्या कंटेनरमध्ये एकत्र ठेवाव्यात. काही बिघडलंच तर तक्रार कोणत्या खेपेची ते सांगता येतं.

हे सगळं लेखी हवं, पण लांबलचक नको. चालू कराराचा क्रमांक टाकून स्वतंत्र पीओ काढायचा, त्यात दोन गठ्ठे, दोन भाव, तारखा आणि वरच्या ओळी. करारात मात्रा बांधलेली नसून फक्त भाव ठरलेला असेल, तर अशी वेगळी ऑर्डर काढण्याआधी करार पुन्हा वाचावा. काही करारांत "हंगामातली सर्व गरज याच भावाने" असं कलम असतं, आणि ते असताना आपणहून वेगळा भाव मागणं म्हणजे हातातला हक्क सोडणं. काहींत महिन्याच्या हप्त्यात दहा-पंधरा टक्के वर-खाली करायची मुभा असते. तेवढ्या पेट्या आधी त्या कलमाखाली मागून घ्याव्यात, आणि उरलेल्यांपुरताच वेगळा भाव बोलावा. एका हंगामात दोनदा असा फोन करायची वेळ आली, तर पुढच्या वर्षीच्या करारात हप्ता आठ दिवस अलीकडे ओढायचा हक्क आणि त्याचा भाव आधीच लिहून घ्यावा. ढग जमायच्या आधी तो नक्कीच स्वस्त पडतो.

आणि पैसे. पेटी बनवणारे बहुतेक कारखाने सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडतात. एमएसएमई कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. हंगामाच्या करारात 45 दिवस लिहिलेले असतात म्हणून पॅकहाऊसवाले निर्धास्त असतात. पण व्हॉट्सॲपवर "ठीक आहे, पाठवा" म्हणून दिलेल्या वेगळ्या ऑर्डरला ती मुदत आपोआप लागू होईल असं धरून चालू नये. लेखी मुदत नसेल तर कायदा 15 दिवस धरतो. त्यापुढे उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आणि मुदत चुकवून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर आयकर कायद्याच्या नियमाने तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस घेतलेल्या पेट्यांचे 15 दिवस मार्चच्या मध्यात संपतात, वर्ष 31 मार्चला संपतं, आणि युरोपातून द्राक्षाचे पैसे बहुधा त्यानंतरच येतात.